अर्ध्या मॅकफार्लंडचा गढूळपणा

लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट हातात येतो तेव्हा त्यावर जंतूचे नाव असते, खाली औषधांची यादी असते आणि प्रत्येक औषधापुढे एक अक्षर असते. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आणि मधल्या आयबद्दल डॉक्टर विचार करतील. रुग्णाच्या नजरेला हा निकाल पक्का वाटतो. जणू तो जंतू जन्मतःच त्या औषधाला घाबरणारा किंवा न घाबरणारा आहे. प्रत्यक्षात बहुतेक छोट्या-मध्यम लॅबमध्ये ते अक्षर एका पट्टीने मोजलेल्या मिलिमीटरवरून ठरते. आणि ते मिलिमीटर औषधावर जेवढे अवलंबून असतात, तेवढेच चाचणी सुरू करताना प्लेटवर किती जंतू पसरले होते यावरही अवलंबून असतात.

जंतू तोच, औषधाची डिस्क तीच आणि प्लेटही तीच, तरी दहापट दाट पेरणी केली तर एसचा आय होऊ शकतो आणि फारच पातळ केली तर आरचा एससुद्धा. म्हणून चाचणीआधी जंतूंचे सलाईनमधले द्रावण ठरावीक गढूळपणाचे करून घेतात. त्या गढूळपणाला लॅबमध्ये ‘अर्धा मॅकफार्लंड’ किंवा ‘पॉइंट फाइव्ह’ म्हणतात.

जोसेफ मॅकफार्लंड हे फिलाडेल्फियाचे डॉक्टर आणि जीवाणुतज्ज्ञ. १९०७ साली त्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक साधन मांडले. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर सेन्सिटिव्हिटी चाचणी असण्याचा प्रश्नच नव्हता. मेलेल्या जंतूंपासून लस बनवताना आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती जंतू गिळतात हे मोजताना द्रावणात अंदाजे किती जंतू आहेत हे चटकन कळायला हवे होते. एकेक जंतू मोजत बसणे वेळखाऊ. मॅकफार्लंड यांनी बेरियम क्लोराइड आणि सल्फ्युरिक अॅसिड वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून दहा नळ्या तयार केल्या. या दोघांच्या संयोगातून बेरियम सल्फेटचा बारीक पांढरा साका तयार होतो आणि द्रव गढूळ दिसतो. बेरियम जास्त, तर गढूळपणा जास्त. आपले जंतूंचे द्रावण ज्या नळीइतके गढूळ दिसेल, तेवढी जंतूंची संख्या समजायची.

यातली पहिली नळीही सेन्सिटिव्हिटी चाचणीसाठी फार दाट होती. म्हणून पुढे तिच्या निम्म्या गढूळपणाचे प्रमाण रूढ झाले. ते बनवण्याची कृती आजही तीच आहे: एक टक्का सल्फ्युरिक अॅसिड ९९.५ मिलिलिटर घ्यायचे आणि त्यात १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचे द्रावण ०.५ मिलिलिटर, सतत ढवळत, घालायचे. झालेला द्रव अगदी किंचित दुधट दिसतो. फोटोमीटरमध्ये ६२५ नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याचे शोषण ०.०८ ते ०.१३ च्या दरम्यान भरले पाहिजे, नाहीतर ती बॅच टाकून द्यायची. ई. कोलाय या जंतूचे द्रावण एवढे गढूळ झाले की त्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० ते २० कोटी जिवंत जंतू असतात.

आता तो गढूळपणा निकाल कसा बदलतो ते पाहू. डिस्कची चाचणी वरून शांत दिसते. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या प्लेटमध्ये म्यूलर-हिंटन अगरचा ४ मिलिमीटर जाडीचा थर असतो, त्यावर जंतू एकसारखे पसरलेले असतात आणि वर औषध मुरवलेल्या छोट्या कागदी चकत्या ठेवलेल्या असतात. प्लेट रात्रभर ३५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवतात. १६ ते १८ तासांनी जंतूंची पांढुरकी चादर वाढलेली दिसते आणि ज्या औषधाने काम केले त्याच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. लॅबमध्ये त्याला झोन म्हणतात. हा झोन पाहून असे वाटते की रात्रभर औषध पसरत गेले आणि जिथपर्यंत पोहोचले तिथपर्यंत जंतू मेले. हा समज चुकीचा आहे.

खरे तर ही दोघांची शर्यत असते. चकतीतले औषध अगरमध्ये बाहेरच्या दिशेने झिरपत असते आणि त्याच वेळी जंतू दुप्पट-चौपट होत असतात. ब्रिटनमधील के. ई. कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० आणि ५०च्या दशकांत दाखवून दिले की झोनची कड रात्रभर सरकत नाही. पहिल्या काही तासांतच एक क्षण येतो, जेव्हा एखाद्या जागी जंतूंची संख्या इतकी होते की तिथे पोहोचलेले औषध त्यांना आवरू शकत नाही. त्या क्षणी, औषध जिथपर्यंत पुरेशा ताकदीने पोहोचलेले असेल तिथे कड ठरते. नंतरचे तास ती कड फक्त डोळ्यांना दिसण्याजोगी होण्यात जातात. या क्षणापर्यंतच्या वेळेला क्रिटिकल टाइम म्हणतात.

सुरुवातीला जंतू जास्त पेरले असतील, तर हा क्षण लवकर येतो. जंतूंना तेवढ्या गर्दीपर्यंत पोहोचायला कमी वेळा दुप्पट व्हावे लागते. औषधाला पसरायला वेळ कमी मिळतो आणि झोन लहान राहतो. जंतू कमी पेरले तर उलट होते. गर्दी व्हायला वेळ लागतो, तोवर औषध लांबवर पोहोचते आणि झोन मोठा दिसतो. औषधाची ताकद किंवा जंतूचा प्रतिकार यांपैकी काहीही बदललेले नसते.

हे आकड्यांत मांडून पाहता येते, अर्थात ढोबळ आकड्यांत. लघवीतून आलेला ई. कोलाय घेऊ आणि औषध सेफ्ट्रायॅक्सोन घेऊ, ज्याची इंजेक्शने आपल्याकडे जवळपास प्रत्येक रुग्णालयात दिली जातात. अमेरिकेतील सीएलएसआय या संस्थेच्या तक्त्यानुसार ३० मायक्रोग्रॅमच्या चकतीभोवती झोन २३ मिलिमीटर किंवा जास्त आला तर एस, २० ते २२ आला तर आय आणि १९ किंवा कमी आला तर आर. समजा, बरोबर अर्धा मॅकफार्लंडचे द्रावण वापरले, क्रिटिकल टाइम ४ तास आला आणि झोन २४ मिलिमीटर भरला. निकाल एस.

आता तंत्रज्ञाने घाईत द्रावण दहापट दाट केले. जंतू दहापट व्हायला त्याला ३.३ वेळा दुप्पट व्हावे लागते. चांगल्या वातावरणात ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दहापट दाट पेरणीने शर्यतीतली सुमारे ६५ मिनिटे आधीच खाल्ली. क्रिटिकल टाइम ४ तासांवरून २ तास ५५ मिनिटांवर आला. औषधाच्या प्रसाराचे गणित असे आहे की अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे वेळ २७ टक्क्यांनी घटली तरी झोन तेवढा घटत नाही, साधारण १५ टक्क्यांनी घटतो. २४ मिलिमीटरचा झोन साडेवीसच्या आसपास येतो आणि एसचा आय होतो. उलट बाजूला, दहापट पातळ द्रावणाने तोच झोन २७च्या घरात जातो. त्याने या जंतूचा निकाल बदलत नाही. पण मूळ झोन १८ मिलिमीटर असलेला, म्हणजे आर असलेला जंतू घेतला, तर दहापट पातळ द्रावणाने तो २० पार करून आयमध्ये शिरतो आणि शंभरपट पातळ द्रावणाने एसच्या उंबरठ्यावर जातो.

या दोन चुकांचे वजन सारखे नाही. दाट द्रावणाने चालणारे औषध बाद ठरते, डॉक्टर महागडे किंवा अधिक तीव्र औषध देतात, रुग्ण बहुधा बराही होतो. पातळ द्रावणाने न चालणारे औषध चालते म्हणून कागदावर येते आणि रक्तातल्या संसर्गाच्या रुग्णाला दोन-तीन दिवस निकामी औषध मिळते. सूक्ष्मजीवशास्त्रात या दुसऱ्या प्रकाराला ‘व्हेरी मेजर एरर’ म्हणतात, पहिल्याला नुसते ‘मेजर’.

एसच्या आणि आरच्या सीमारेषा निसर्गाने आखलेल्या नाहीत, हे यातून लक्षात येते. १९६६ साली सिएटलमधील बाउअर, किर्बी, शेरिस आणि टर्क यांनी एकच चकती वापरण्याची पद्धत तपशीलवार लिहून काढली. त्याआधी जो तो आपापल्या रीतीने चाचणी करत असे आणि एका लॅबचा झोन दुसरीच्या झोनशी ताडून पाहता येत नसे. त्यांनी अगर, चकती, तापमान आणि पेरणीची घनता असे सगळेच ठरवून दिले. पुढच्या साऱ्या तक्त्यांतले मिलिमीटर त्याच घनतेवर मोजलेले आहेत. द्रावण दुसऱ्या घनतेचे झाले की हातात राहतो तो आकडा ज्या तक्त्याशी जुळवायचा, तो तक्ताच त्याला लागू पडत नाही.

द्रावण करण्याची रीत साधी आहे, पण निकाल बिघडण्याच्या जागा तिच्यातच दडलेल्या असतात. आदल्या दिवशी वाढवलेल्या प्लेटवरच्या एकसारख्या दिसणाऱ्या चार-पाच कॉलनी लूपने उचलायच्या आणि ४-५ मिलिलिटर सलाईनमध्ये नीट विरघळवायच्या. नळी प्रमाणित नळीशेजारी धरायची, मागे काळ्या रेषांचे पांढरे कार्ड ठेवायचे. दोन्ही नळ्यांमधून त्या रेषा सारख्याच धूसर दिसल्या की झाले. जास्त गढूळ वाटले तर सलाईन घालायचे, कमी वाटले तर आणखी कॉलनी. दोन्ही नळ्यांची जाडी सारखी हवी आणि काच ओरखड्यांची नको, कारण जाड नळीतला तोच द्रव डोळ्यांना जास्त गढूळ दिसतो.

सगळ्यांत सामान्य चूक प्रमाणित नळीचीच असते. बेरियम सल्फेट जड असल्यामुळे नळी उभी राहिली की तो तळाशी बसतो. तंत्रज्ञाने न हलवता तीच नळी शेजारी धरली तर वरचा द्रव स्वच्छ दिसतो, त्याच्याशी जुळवण्यासाठी जंतूंचे द्रावण पातळ होते आणि गणित व्हेरी मेजर एररच्या दिशेने सरकते. म्हणून ही नळी वापरण्याआधी दर वेळी व्हॉर्टेक्सवर जोरात हलवायची. अंधारात ठेवायची, दर महिन्याला फोटोमीटरवर तपासायची आणि तिच्यात गुठळ्या दिसू लागल्या तर बदलायची. बाजारात लॅटेक्सच्या कणांची तयार मानके मिळतात आणि त्यांचा नियम उलटा आहे. ती व्हॉर्टेक्सवर न हलवता हळुवार उलटसुलट करायची असतात. दोन्ही प्रकार एकाच रॅकमध्ये असले की इथे गल्लत होते.

द्रावण जुळले तरी काम संपत नाही. कापसाचा स्वॅब त्यात बुडवल्यावर नळीच्या आतल्या भिंतीवर, द्रवाच्या वर, दाबून फिरवून जादाचा द्रव पिळून काढायचा असतो. हे न करता ओला स्वॅब प्लेटवर फिरवला तर बरोबर केलेले द्रावणही जास्त जंतू पेरून जाते. प्लेट प्रत्येक वेळी ६० अंशांनी फिरवत तीन दिशांनी स्वॅब ओढायचा, शेवटी कडेकडेने फिरवायचा. वेळही महत्त्वाची. द्रावण केल्यापासून १५ मिनिटांत पेरणी करायची, पेरणीपासून १५ मिनिटांत चकत्या ठेवायच्या आणि चकत्या ठेवल्यापासून १५ मिनिटांत प्लेट इनक्युबेटरमध्ये गेली पाहिजे. चकत्यांविना प्लेट टेबलावर तासभर राहिली तर जंतूंना फुकटची सुरुवात मिळते. उलट चकत्या ठेवून ती थंड खोलीत राहिली तर औषध पुढे जाते आणि जंतू थांबलेले राहतात. म्हणजे द्रावणाची घनता काटेकोर जुळवूनही शर्यत बिघडू शकते.

चूक झाली हे कळते कसे? पहिली खूण प्लेटवरच असते. बरोबर पेरलेल्या प्लेटवर जंतूंची चादर सलग किंवा जवळजवळ सलग दिसते. सुट्या-सुट्या कॉलनी दिसल्या तर द्रावण पातळ होते, तो निकाल वाचायचाच नाही, चाचणी पुन्हा करायची. दाट पेरणीची खूण मात्र डोळ्यांना इतकी उघड दिसत नाही. तिच्यासाठी कंट्रोल प्लेट लागते.

कंट्रोल म्हणून ठरलेला जंतू लागतो. ई. कोलायसाठी एटीसीसी २५९२२ हा वाण जगभर वापरला जातो. सेफ्ट्रायॅक्सोनच्या चकतीभोवती त्याचा झोन २९ ते ३५ मिलिमीटरच्या आत पडायला हवा. तो २७ आला, तर आणखी तीन-चार औषधांचे झोन बघायचे. सगळेच झोन लहान असतील, तर संशय दाट द्रावणावर किंवा जाड ओतलेल्या अगरवर जातो, कारण या दोन्ही चुका सगळ्या औषधांना एकाच दिशेने ढकलतात. अगरची जाडी पट्टीने मोजली की दोघांतला गुन्हेगार सापडतो. सगळेच झोन मोठे असतील तर द्रावण पातळ किंवा अगर पातळ. एकाच औषधाचा झोन लहान असेल तर द्रावणाला दोष देऊ नये, ती चकती बहुधा दमट फ्रीजमध्ये खराब झाली आहे. अनुभवी तंत्रज्ञ आकडे मोजायच्या आधी प्लेटकडे बघून असा अंदाज बांधतात आणि तो सहसा बरोबर निघतो.

गढूळपणा म्हणजे संख्या नव्हे, ही या सगळ्या व्यवस्थेची मूळ मर्यादा. प्रकाश विखुरला जातो तो कणांमुळे, मग कण जिवंत असो वा मेलेला. तीन दिवस पडून राहिलेल्या प्लेटवरच्या कॉलनी उचलल्या तर गढूळपणा जुळतो, पण त्यातले बरेच जंतू मेलेले असतात आणि प्रत्यक्ष पेरणी पातळ होते. म्हणून १८ ते २४ तासांच्या ताज्या कॉलनीचा आग्रह. कणाचा आकारही मोजणी बदलतो. कँडिडा ही बुरशी जीवाणूंपेक्षा बरीच मोठी असते. अर्ध्या मॅकफार्लंडच्या तिच्या द्रावणात एका मिलिलिटरमध्ये १० ते ५० लाखच पेशी असतात, म्हणजे ई. कोलायच्या तुलनेत किती तरी पट कमी. स्यूडोमोनासच्या चिकट कॉलनींचे गोळे नीट सुटत नाहीत, मग द्रावण जुळले तरी पेरणी ठिपक्याठिपक्यांची होते.

अनेक लॅबमध्ये आता डोळ्यांऐवजी डेन्सिटोमीटर नावाचे छोटे यंत्र असते आणि ते आकडा दाखवते. विटेकसारख्या स्वयंचलित यंत्रासाठी द्रावण ०.५० ते ०.६३ च्या आत असावे लागते. त्याने डोळ्यांतला फरक जातो, पण मेलेला जंतू आणि जिवंत जंतू यांतला फरक यंत्रालाही कळत नाही. संख्येची खात्री करायची तर जुना उपाय करावा लागतो, तो म्हणजे द्रावण पातळ करून प्लेटवर पसरायचे आणि दुसऱ्या दिवशी कॉलनी मोजायच्या.

ही मोजणी सर्वांत उपयोगी पडते ती मायक्रोडायल्यूशन चाचणीत. तिथे औषधाच्या चढत्या मात्रांच्या छोट्या खळग्यांत जंतू सोडतात आणि कोणत्या कमीत कमी मात्रेला वाढ थांबते ते पाहतात. त्या मात्रेला एमआयसी म्हणतात. प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५ लाख जंतू हवेत, म्हणून अर्ध्या मॅकफार्लंडचे १५ कोटींचे द्रावण सुमारे ३०० पट पातळ होते. तपासणीसाठी औषध नसलेल्या खळग्यातून ०.०१ मिलिलिटर घेऊन १० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळतात आणि त्यातला ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरतात. दुसऱ्या दिवशी सुमारे ५० कॉलनी आल्या तर पेरणी बरोबर. दोनशे आल्या तर ती चौपट दाट होती.

ईएसबीएल बनवणाऱ्या जंतूंच्या बाबतीत हा फरक शर्यतीच्या गणितापुरता राहत नाही. हे जंतू सेफ्ट्रायॅक्सोन, सेफोटॅक्सिमसारखी औषधे फोडून टाकणारे एन्झाइम बनवतात. एकेकट्या जंतूचे एन्झाइम थोडे असते, पण गर्दी वाढली की सगळ्यांचे मिळून द्रवातले औषध नष्ट होते आणि एमआयसी अनेक पट चढते. याला इनॉक्युलम इफेक्ट म्हणतात. २०१८ साली बॉस्टनमधील केनेथ स्मिथ आणि जेम्स किर्बी यांनी दाखवले की नियमांत चालणाऱ्या मर्यादेतला घनतेचा छोटा फरकही अशा जंतूंची एमआयसी बदलून टाकतो, त्यासाठी शंभरपट चूक व्हावी लागत नाही. इथे एक पेच आहे. एटीसीसी २५९२२ या कंट्रोल वाणात ईएसबीएल नसते. त्यामुळे त्याचा निकाल मर्यादेत आला तरी रुग्णाच्या ईएसबीएल जंतूच्या चाचणीत थोडी दाट पेरणी झाली असेल, तर कंट्रोल ते सांगत नाही. त्यासाठी कॉलनी मोजण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

रुग्णाच्या शरीरात मात्र जंतू अर्ध्या मॅकफार्लंडला बांधलेले नसतात. हृदयाच्या झडपेवरच्या संसर्गात किंवा मोठ्या गळवात त्यांची घनता मायक्रोडायल्यूशनमधल्या ५ लाखांपेक्षा कितीतरी जास्त असते. चाचणीतली घनता शरीराची नक्कल म्हणून निवडलेली नाही. कोल्हापूर, नाशिक किंवा सिएटलमधल्या लॅबचे निकाल एकमेकांशी जुळावेत म्हणून ती ठरवलेली आहे. म्हणूनच रिपोर्टवर एस असूनही अशा संसर्गात डॉक्टर कधी दुसरे औषध निवडतात आणि ते रिपोर्टला धुडकावणे नसते.

रिपोर्टवर एस असूनही दोन-तीन दिवसांत ताप उतरत नसेल, तर औषध स्वतःहून बदलू नये किंवा बंद करू नये. डॉक्टरांना सांगून लॅबला विचारायला लावावे की झोन सीमारेषेच्या जवळ होता का आणि त्या दिवशीचा कंट्रोल मर्यादेत होता का. ज्या लॅबमध्ये कंट्रोलची नोंदवही रोज भरली जाते, तिथे या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत मिळते.